स्मारकावर चौदा नावं आणि हातात सात मिनिटं

प्रश्न: आमच्या तालुक्याच्या गावी शहीद जवान स्मारक आहे. त्यावर चौदा नावं आहेत आणि शेजारी पहिल्या महायुद्धाची एक जुनी संगमरवरी पाटी आहे. २६ जुलैला कार्यक्रम आहे, मुख्य भाषण माझ्याकडे आलंय. मी शाळेत शिकवतो, बोलायची सवय आहे. पण समोर त्या घरची माणसं बसलेली असताना काय बोलायचं, किती बोलायचं आणि काय टाळायचं?

उत्तर:

सात मिनिटं बोला. आयोजक वीस देतील, तरी सातच घ्या. उघड्यावर, ध्वनिक्षेपकावरून आणि गंभीर प्रसंगी मराठी बोलताना मिनिटाला नव्वदच्या आसपास शब्द होतात, वर्गात होतात त्याहून बरेच कमी. म्हणजे हातात साधारण सव्वासहाशे शब्द आहेत. त्यातली दोन मिनिटं नावांना जातील, तीन मिनिटं एका सैनिकाच्या हकिकतीला, आणि उरलेली सुरुवात-शेवटाला. चौदाही जणांबद्दल थोडं थोडं सांगायला गेलात तर प्रत्येकाच्या वाट्याला अर्ध मिनिट येतं आणि सगळे सारखेच "शूर" होतात. कुणाचंच काही लक्षात राहत नाही.

पहिलं काम लिहिण्याचं नाही, नावं तपासण्याचं आहे, आणि त्याला निदान पंधरा दिवस लागतात. स्मारकावरचं नाव बरोबरच असेल असं धरून चालू नका. कोरणाऱ्याकडे कागद गेला तो बऱ्याचदा इंग्रजी कागदपत्रांवरून परत मराठीत आणलेला असतो, आणि त्या प्रवासात आडनावं बदलतात. इंग्रजीतलं Kadam कदमच वाचलं जातं, पण Kale म्हणजे काळे की काले, Mane म्हणजे माने की मने, Shelke म्हणजे शेळके की शेलके, हे कागद सांगत नाही. तुम्ही शिक्षक आहात, म्हणजे एक उत्तम साधन तुमच्या हाताशी आहे: शाळेचं जनरल रजिस्टर. गावातला मुलगा कधीतरी तुमच्याच शाळेत दाखल झालेला असतो. तिथे वडिलांच्या नावासकट मराठीत लिहिलेलं नाव आणि जन्मतारीख मिळते. ती घेऊन घरी जा आणि घरच्यांच्या तोंडून नाव एकदा ऐका. गावात ज्याला सगळे "रामचंद्र" लिहितात त्याला आई "रामू" म्हणते की "चंदर", हेही तिथेच कळतं. ते भाषणात वापरायचं की नाही हे त्यांनाच विचारायचं.

स्वातंत्र्यानंतर लढाईत पडलेल्यांची नावं दिल्लीच्या राष्ट्रीय समर स्मारकावर आहेत. ते २५ फेब्रुवारी २०१९ ला खुलं झालं. त्याच्या संकेतस्थळावर, nationalwarmemorial.gov.in वर, नावाने शोधता येतं. तिथली पलटण आणि तारीख तुमच्या दगडाशी जुळते का पाहा. जुळली नाही तर जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात जा. त्यांच्याकडे जिल्ह्यातल्या वीरपत्नी आणि वीरमाता-पित्यांची नोंद असते, आणि पलटणीच्या रेकॉर्ड ऑफिसला काय लिहायचं हेही ते सांगतात. मराठा लाइट इन्फन्ट्रीचं केंद्र बेळगावला आहे, महार रेजिमेंटचं मध्य प्रदेशात सागरला. पण गावातला प्रत्येक जवान या दोन पलटणींतलाच असतो असंही नाही. तोफखाना, इंजिनिअर्स, सिग्नल्स, सीमा सुरक्षा दल, केंद्रीय राखीव पोलीस दल, कुठलंही असू शकतं. शेवटची दोन सेनादलं नाहीत, गृहखात्याखालची दलं आहेत. त्यांच्या माणसाला "लष्करातला" म्हटलं की घरचे लोक काही बोलत नाहीत, पण त्यांना ते लागतं.

हुद्दाही नीट घ्या. सरसकट "जवान" म्हणायची सवय आहे, पण नायब सुभेदार किंवा सुभेदार हा जवान नव्हे, आणि लेफ्टनंट तर नव्हेच. शिपाई, लान्स नाईक, नाईक, हवालदार हे जसं असेल तसं म्हणा. तोफखान्यात शिपायाला गनर म्हणतात, इंजिनिअर्समध्ये सॅपर. पदक असेल तर त्याचं पूर्ण नाव घ्या: परमवीर, महावीर आणि वीर चक्र शत्रूसमोरच्या लढाईसाठी, अशोक, कीर्ती आणि शौर्य चक्र त्याबाहेरच्या शौर्यासाठी. शौर्य चक्राला वीर चक्र म्हणणं ही व्यासपीठावरची नेहमीची चूक आहे, आणि समोरच्या रांगेत बसलेला प्रत्येक माजी सैनिक ती पकडतो.

कोण कसा गेला, हाही प्रश्न येतो. चौदा जणांपैकी काही लढाईत पडले असतील, काही बर्फाच्या कड्याखाली, गाडीच्या अपघातात किंवा आजाराने कर्तव्यावर असताना गेले असतील. दगडावर फरक नसतो आणि तुम्हीही तो करू नका. पण खोटंही बोलू नका. "शत्रूशी लढताना" हे चौदाही जणांना एकदम चिकटवलं की ज्याचा मुलगा अपघातात गेला त्या बापाला मान खाली घालावी लागते. "सेवेत असताना प्राण दिले" हे सगळ्यांना लागू होतं. त्याच्याआड काही लपवलंही जात नाही. शब्दांविषयी एक गोष्ट: सेनादलांच्या अधिकृत परिभाषेत "शहीद" हा शब्द नाही, आणि २०२२ मध्ये लष्कराने आपल्या अधिकाऱ्यांना "मार्टर" हा इंग्रजी शब्दही टाळायला सांगितलं होतं. तुमच्यावर त्याचं बंधन नाही, स्मारकाच्या नावातच तो आहे. पण मराठीत "धारातीर्थी पडले", "वीरगती" असे आपले शब्द असताना दर वाक्यात "शहीद" घालायची गरज पडत नाही. "हुतात्मा" जपून वापरा. महाराष्ट्रात तो शब्द ऐकला की स्वातंत्र्यलढा आणि संयुक्त महाराष्ट्र आठवतो.

२६ जुलै हा कारगिल विजय दिवस आहे, म्हणून भाषण कारगिलचं होतं आणि इतर तेरा जण मागे पडतात. कारगिलमध्ये देशाचे ५२७ सैनिक पडले. तुमच्या दगडावर त्यांतला कदाचित एक असेल. बाकी १९६२, १९६५, १९७१ चे, काश्मीरचे, आणि बहुतेक एखादा श्रीलंकेचा. श्रीलंकेत भारतीय शांतिसेना १९८७ ते १९९० होती. तिथे गेलेल्या सैनिकाबद्दल वक्ता बोलण्याच्या भरात "पाकिस्तानच्या गोळीला" म्हणून जातो. ही चूक खरोखर होते, आणि ती कशी होते हे सरळ आहे: वाक्य आधीच तयार असतं, माणूस त्यात बसवला जातो. तारीख आणि ठिकाण हाताशी असलं की वाक्य माणसाप्रमाणे बदलतं.

आता ती संगमरवरी पाटी. तुम्ही तिच्यावरचा मजकूर दिला नाही, पण पहिल्या महायुद्धानंतर ब्रिटिश सरकारने गावोगाव लावलेल्या पाट्यांचा साचा एकच आहे: या गावातून इतके पुरुष १९१४–१९१९ च्या महायुद्धात गेले, त्यांपैकी इतक्यांनी प्राण दिले. आकडे असतात, नावं नसतात. तुमचीही तशीच असेल तर ती वगळू नका, आणि आकडा वाचून पुढेही जाऊ नका. cwgc.org या राष्ट्रकुल युद्धसमाधी आयोगाच्या संकेतस्थळावर त्या युद्धातले मृत सैनिक शोधता येतात. काही नोंदींत वडिलांचं नाव, गाव आणि जिल्हा असतो. शोधताना पलटणीचं स्पेलिंग Mahratta घाला, आजचं Maratha नव्हे. आडनाव Jadhav असं मिळालं नाही तर Jadhao करून पाहा, आणि गावाचं नाव इंग्रज कसं लिहीत त्या तीन-चार तऱ्हांनी घाला. एखादं नाव सापडलं तर ते पंधरावं नाव होईल. नाहीच सापडलं तर तसंच सांगा: "या गावातून इतके गेले, इतके परतले नाहीत. त्यांची नावं या दगडावर नाहीत." एवढं म्हणून थांबा. ही माणसं "भारतमातेसाठी" लढली असं १९१६ च्या सैनिकाबद्दल म्हणणं बरोबर नाही. ती ब्रिटिश सरकारच्या फौजेत होती. मराठा पलटणी मेसोपोटेमियात, म्हणजे आजच्या इराकमध्ये, कूतच्या वेढ्यात अडकल्या होत्या. तो वेढा डिसेंबर १९१५ पासून २९ एप्रिल १९१६ पर्यंत चालला आणि अन्न संपल्यावर शरणागतीत संपला. तुमच्या गावचे लोक तिथेच होते असं नोंद हाती आल्याशिवाय म्हणू नका.

मधली तीन मिनिटं हा भाषणाचा गाभा आहे. एक सैनिक निवडा, आणि त्याच्या घरच्यांना आधी विचारून निवडा. तुमच्या चौदापैकी कोण ते मी सांगू शकत नाही, म्हणून ज्याची नोंद सर्वांसमोर आहे असं उदाहरण घेतो: रायगड जिल्ह्यातल्या माणगाव तालुक्याचे नाईक यशवंत घाडगे, ज्यांना मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला आणि ज्यांचा पुतळा माणगावात आहे. त्यांच्याबद्दल सहसा असं बोललं जातं: "शत्रूवर सिंहासारखे तुटून पडले आणि मायभूमीचं नाव उज्ज्वल केलं." यात घाडगे कुठेच नाहीत, हे वाक्य कुणालाही लागू होईल. पदकाच्या मानपत्रात जे लिहिलं आहे ते बोलीत उतरवलं तर असं होतं:

"१० जुलै १९४४. इटली. मराठा लाइट इन्फन्ट्रीची एक कंपनी शत्रूच्या पक्क्या ठाण्यावर चालून जात होती. नाईक यशवंत घाडगे एका तुकडीचे प्रमुख होते. अगदी जवळून मशीनगन सुरू झाली. तुकडीतले सगळे पडले, कुणी ठार, कुणी जखमी. उभे राहिले एकटे घाडगे. आपल्याबरोबर यायला आता कुणी नाही, हे त्यांना दिसत होतं. ते मशीनगनवर धावून गेले. आधी हातबॉम्ब टाकला. मशीनगन थांबली आणि चालवणाराही पडला. मग आपल्या टॉमीगनने आणखी एकाला टिपलं. अजून दोघे होते. मॅगझिन बदलायला वेळ नव्हता. त्यांनी बंदूक नळीकडून धरली आणि तिच्याच घावांनी त्या दोघांना संपवलं. ठाणं हाती आलं. तेवढ्यात लपलेल्या नेमबाजांनी त्यांना टिपलं. एकट्याने जिंकलेल्या त्या ठाण्यातच त्यांनी प्राण सोडला."

यात स्तुतीचं एकही विशेषण नाही. "अतुलनीय", "अजोड", "देदीप्यमान" असं काही शोधून सापडणार नाही, आणि त्याची उणीवही भासत नाही, कारण "मॅगझिन बदलायला वेळ नव्हता" आणि "बंदूक नळीकडून धरली" ही दोन वाक्यं ते काम करतात. ऐकणाऱ्याला ती मूठ दिसते. तुमच्या सैनिकाच्या हकिकतीत अशी एक गोष्ट शोधा, हाताने केलेली आणि डोळ्यांना दिसणारी. वाक्यं आखूड ठेवली आहेत तीही मुद्दाम. उघड्यावर आवाज भिंतींवरून फिरून येतो आणि लांब वाक्याचं शेपूट हरवतं.

मानपत्रातली एक गोष्ट मी गाळली आहे. मूळ इंग्रजीत गोळ्या छातीत आणि पाठीत लागल्या असं आहे. लष्करी नोंदीत ते निव्वळ वर्णन आहे, पण मराठी कानाला पाठीवरची जखम म्हणजे पळताना झालेली जखम. गर्दीत अर्धं वाक्य ऐकलेला माणूस भलताच अर्थ घेऊन घरी जाईल. समजावून सांगत बसण्यापेक्षा तेवढं सोडावं. हाच निकष देहाच्या वर्णनाला लावा. पेटी आली तेव्हा ती उघडली गेली का, चेहरा दाखवला का, हे आईला माहीत असतं आणि तुम्ही ते माइकवर सांगायचं नसतं.

बहुतेक सैनिकांना पदक नसतं, म्हणून मानपत्रही नसतं. मग काय? कमांडिंग ऑफिसरचं पत्र बऱ्याच घरी असतं. ट्रंकेत, इन्लँड पत्रांच्या गठ्ठ्याखाली, घडीवर फाटलेलं. त्यात ठिकाण, वेळ आणि काय काम चाललं होतं हे दोन-चार ओळींत असतं. तेही नसेल तर त्याच पलटणीचा एखादा माजी सैनिक तालुक्यात सापडतो. त्याच्या सांगण्यातलं स्वतः पाहिलेलं तेवढंच घ्या, ऐकीव सोडा. आणि काहीच मिळालं नाही तर लढाई रचू नका. जनरल रजिस्टरमधली दाखल्याची तारीख, शेवटच्या सुट्टीत शेतात केलेलं काम, न पोचलेली मनीऑर्डर, यांतलं घरच्यांनी सांगू दिलेलं एक पुरेसं आहे. रचलेली लढाई ओळखू येते. तिच्यात शत्रू नेहमी "शेकडोंच्या संख्येने" असतात आणि ठिकाणाला नाव नसतं.

सुरुवातीला मान्यवरांची यादी वाचू नका. आमदारांपासून सरपंचांपर्यंत नावं घेतली की दीड-दोन मिनिटं जातात, एखादं राहून जातं आणि रुसवेफुगवे होतात. ती यादी सूत्रसंचालकाकडे द्या. तुम्ही "वीरमाता, वीरपिता, वीरपत्नी, माजी सैनिक आणि गावकरी" एवढं म्हणा आणि लगेच पहिल्या वाक्याला हात घाला. वीरपत्नीला "बिचारी", "विधवा" म्हणू नका, आणि "यांच्याकडे पाहा" असं म्हणत तिला उभं करू नका. पुनर्विवाह झाला असेल किंवा सासर-माहेरात पैशांवरून बेबनाव असेल तर गावाला माहीत असतं. भाषणात त्याची सावलीही नको. बसायची जागा मात्र आधी ठरवा: आईवडील आणि पत्नी दोघांनाही पुढच्या रांगेत. हे आयोजकांवर सोडलं तर आयत्या वेळी एकालाच खुर्ची मिळते.

नावं वाचण्याची जागा भाषणाच्या शेवटी. क्रम दगडावरचाच ठेवा. हुद्द्याने लावलात तर शिपाई खाली जातो आणि त्याचे भाऊबंद ते मोजतात. प्रत्येक नावाला हुद्दा, पूर्ण नाव, पलटण, ठिकाण आणि साल, मग मनात तीन मोजून पुढचं. नावाला असे आठ-नऊ सेकंद लागतात, म्हणजे चौदा नावांची दोन मिनिटं होतात. पहिल्याच नावाला कुणीतरी टाळी वाजवतं किंवा "अमर रहे" ओरडतं, आणि मग प्रत्येक नावाला तेवढाच आवाज होतो की नाही याची चढाओढ लागते. ज्याचं घर लहान त्याला टाळ्या कमी. म्हणून सूत्रसंचालकाला तुमच्या आधीच सांगायला लावा की नावं शांतपणे ऐकायची आहेत, घोषणा शेवटी एकदाच.

तुमच्या भाषणाची जागा मानवंदनेच्या आधी मागून घ्या. नेहमीची पद्धत अशी: पुष्पचक्र, पोलिसांची किंवा छात्रसेनेची तुकडी असेल तर शोक शस्त्र, बिगुलावर लास्ट पोस्ट, दोन मिनिटं मौन, मग पुन्हा बिगुलावर राऊज. मौनानंतर भाषण ठेवलं तर ती शांतता मोडून काढायचं काम तुमच्याकडे येतं. नावांचं वाचन संपून सरळ पुष्पचक्राकडे गेलं की जोड नैसर्गिक बसतो. बिगुल वाजवणारा नसेल आणि मोबाइलवरून लास्ट पोस्ट लावणार असाल तर फाइल आधी उतरवून घ्या आणि फोन फ्लाइट मोडवर टाका. मधेच रिंगटोन वाजली की ते दोन मिनिटांचं मौन गेलंच. मौनाची वेळ घड्याळावर एकानेच मोजायची. घड्याळ नसलं की दोन मिनिटं चाळीस सेकंदांत आटोपतात.

जुलै आहे, पाऊस येणारच. कागदावर सोळा-अठरा पॉइंटचा ठसा, एकाच बाजूला, प्रत्येक पानाला क्रमांक. पानं वेगवेगळ्या प्लास्टिक कव्हरात ठेवा, टाचणी लावू नका. जिथे थांबायचं तिथे ओळ तोडा. नावांचं पान स्वतंत्र ठेवा, आणि पाठ असली तरी नावं पाहूनच वाचा. आदल्या संध्याकाळी स्मारकापाशी जाऊन नावांचं पान मोठ्याने वाचा, शक्यतो माइक लावून. एका ठरावीक नावाशी तुमचा आवाज दाटून येईल. ते कोणतं हे आदल्या दिवशी कळलेलं बरं. तिथे कागदावर आडवी रेघ मारा, थांबा, श्वास घ्या आणि नाव पूर्ण म्हणा. "माफ करा" म्हणू नका आणि पाणीही मागू नका.

कार्यक्रमानंतर त्या नावांच्या पानाच्या प्रती घरोघर द्या. एखादं घर म्हणेल, दगडावर वडिलांचं नाव चुकलंय. त्या चुका एका कागदावर लिहून ग्रामपंचायतीला किंवा नगरपंचायतीला अर्ज द्या, सोबत जनरल रजिस्टरचा उतारा जोडा. पाटी पुढच्या जुलैच्या आत दुरुस्त होऊ शकते.